Kc ३० की ६०? आइस टेबल, आणि समतोल कुठे सरकतो ते ठरवणं

प्रश्न: २ लिटरच्या बंद भांड्यात ०.८० मोल SO₂ आणि ०.६० मोल O₂ घेतले. अभिक्रिया 2SO₂ + O₂ ⇌ 2SO₃. समतोलाला ०.६० मोल SO₃ मिळाला. आइस टेबल मांडून माझं Kc ३० येतं, पुस्तकात उत्तर ६० आहे. पुढे विचारलंय, तापमान तेच ठेवून घनफळ निम्मं केलं तर समतोल कुठे सरकेल? पण घनफळ निम्मं केलं की सगळ्यांचीच संहती दुप्पट होणार ना, मग सरकेल कशाला? ल शातेलिएचं तत्त्व पाठ आहे, तरी असे प्रश्न आले की गोंधळ उडतो.

उत्तर:

तुमचे ३० कुठून आले ते त्या आकड्यावरूनच कळतं. तुम्ही टेबलमध्ये मोल थेट भरलेत. ०.८० मधून ०.६० गेले, SO₂ उरला ०.२०. ऑक्सिजन निम्मा लागतो म्हणून ०.६० मधून ०.३० गेले, उरले ०.३०. SO₃ ०.६०. मग (०.६०)² ÷ [(०.२०)² × ०.३०] म्हणजे ०.३६ ÷ ०.०१२ = ३०. वजाबाकी बरोबर, सहगुणकही बरोबर वापरलेत. राहिलं ते फक्त भांडं. Kc मधला c म्हणजे संहती, मोल दर लिटर, आणि तुमचं भांडं २ लिटरचं आहे. प्रत्येक आकडा २ ने भागायला हवा होता.

इथे बरेच जण म्हणतात, "सगळ्यांनाच २ ने भागायचं, मग वर-खाली कटणारच की." ते कधी कटतं आणि कधी नाही हे पाहण्यासारखं आहे, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. वर SO₃ चा वर्ग आहे, म्हणजे अंशाला २ × २ = ४ ने भाग जातो. खाली SO₂ चा वर्ग आणि एक O₂, म्हणजे छेदाला २ × २ × २ = ८ ने. छेद जास्त लहान झाला, म्हणून अपूर्णांक दुप्पट झाला आणि ३० चे ६० झाले. भांडं ५ लिटरचं असतं तर याच मोलांवरून Kc १५० आलं असतं.

हायड्रोजन आणि आयोडिनपासून HI तयार होण्याच्या उदाहरणात मात्र वरही दोन घात, खालीही दोन, त्यामुळे घनफळ खरोखरच कटतं. आइस टेबल शिकवताना बहुतेक वेळा तेच उदाहरण आधी येतं, कारण ते सोपं आहे. त्यातून मोल थेट भरायची सवय लागते आणि ती दोन-तीन गणितं खपूनही जाते. वायूंच्या मोलांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी नसली की सवय उघडी पडते. म्हणून माझा आग्रह असतो की टेबलच्या डोक्यावर आधी एकक लिहा. "मोल/लिटर" असं लिहिलं की हात आपोआप भागाकार करतो.

आता नीट टेबल, सगळे आकडे मोल/लिटरमध्ये:

| | SO₂ | O₂ | SO₃ |
|---|---|---|---|
| सुरुवात | ०.४० | ०.३० | ० |
| बदल | −२x | −x | +२x |
| समतोल | ०.४० − २x | ०.३० − x | २x |

SO₃ ची समतोल संहती ०.६० ÷ २ = ०.३०. म्हणजे २x = ०.३० आणि x = ०.१५. SO₂ उरला ०.१०, O₂ उरला ०.१५.

Kc = (०.३०)² ÷ [(०.१०)² × ०.१५] = ०.०९ ÷ ०.००१५ = ६०, एकक लिटर/मोल.

टेबलच्या तीन ओळींवर तीन वेगवेगळ्यांची सत्ता चालते, हे डोक्यात ठेवलं की निम्म्या चुका होतच नाहीत. पहिली ओळ भांडं भरणाऱ्याच्या मर्जीची. त्याने काय आणि किती घातलं याच्याशी समीकरणाचा काही संबंध नाही, म्हणून तिथे सहगुणक कधीही लावायचे नाहीत. मधली ओळ पूर्णपणे समीकरणाची; सहगुणक फक्त इथे. शेवटच्या ओळीला K ची अट लागू होते. उत्तरपत्रिकांमध्ये दोन गोष्टी हमखास दिसतात. कोणी सुरुवातीच्या ०.४० ला २ ने गुणून ठेवतं, कोणी सगळीकडे नुसता x वजा करतं. दुसरी चूक तुमच्या गणितात लगेच पकडता आली असती: ऑक्सिजनमधूनही ०.३० गेले तर उरतो शून्य, आणि छेदात शून्य येतो. समतोलाला कोणताही घटक शून्य होत नाही. शून्य किंवा ऋण संहती आली की पुढचं गणित थांबवून मधल्या ओळीकडे परत जायचं.

६० हे उत्तर तुमच्या समीकरणापुरतंच खरं आहे, हेही सांगून ठेवतो. कोणी तीच अभिक्रिया SO₂ + ½O₂ ⇌ SO₃ अशी लिहिली तर त्याचं Kc ६० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ७.७५ येईल, आणि तेही बरोबरच. समीकरण उलटं लिहिलं तर १/६०. दोघांची उत्तरं जुळत नसतील तर भांडण्याआधी दोघांची समीकरणं ताडून पाहावीत.

गणितात SO₃ चा आकडा न देता दुसरंच काही दिलं असेल तर? मग x कुठून काढायचा ते दिलेल्या माहितीवर ठरतं, पण टेबल हीच राहते. उरलेला SO₂ दिला असेल तर ०.४० − २x त्याच्याबरोबर मांडा. एकूण दाब दिला असेल तर तो आणखी सोयीचा. मोलांमध्ये बघा: सुरुवातीला एकूण १.४० मोल वायू होता, समतोलाला ०.२० + ०.३० + ०.६० = १.१० उरला. घट ०.३० मोल, म्हणजे २ लिटरमध्ये ०.१५ मोल/लिटर, आणि हाच तुमचा x. तापमान आणि घनफळ कायम असेल तर दाब मोलांच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे दाब किती टक्के घटला एवढ्यावरूनही x मिळतो. फक्त HI च्या उदाहरणात ही युक्ती चालत नाही, तिथे एकूण मोल बदलतच नाहीत.

आता दुसरा भाग. तुमची शंका योग्य जागी आहे आणि "दाब वाढला की कमी मोलांकडे" हे वाक्य तोंडावर फेकून तिचं निरसन होणार नाही. सगळ्यांची संहती दुप्पट होते, खरंय. पण वर जे पाहिलं तेच पुन्हा: सगळे दुप्पट झाले तरी अपूर्णांक तोच राहत नाही.

यासाठी Q लागतो, अभिक्रिया भागफल. त्याचं सूत्र अगदी Kc सारखंच, पण आकडे समतोलाचेच हवेत अशी अट नाही. या क्षणी भांड्यात जे आहे ते भरायचं. Q जर K पेक्षा लहान असेल तर उत्पादितं कमी पडताहेत, अभिक्रिया पुढे जाईल. Q मोठा असेल तर मागे येईल. दोन्ही सारखे असतील तर काहीच सरकणार नाही.

२ लिटरचं भांडं दाबून १ लिटर केलं. दाबल्यावर लगेच, अजून काहीही घडायच्या आत, SO₂ ०.२०, O₂ ०.३०, SO₃ ०.६० मोल/लिटर.

Q = (०.६०)² ÷ [(०.२०)² × ०.३०] = ३०.

आकडा ओळखीचा वाटला ना? हे तुमचेच ३० आहेत. भांडं १ लिटरचं असल्यासारखे मोल भरलेत, तेव्हा तुम्ही नकळत या दाबलेल्या भांड्याचा Q काढून बसला होतात. K मात्र तापमान तेच असल्यामुळे ६० च आहे. Q ३०, K ६०, म्हणून समतोल पुढे, SO₃ कडे सरकेल. मोलांची बेरीज डावीकडे तीन आणि उजवीकडे दोन, म्हणून दाब वाढवल्यावर उजवीकडे, हा जो पाठ केलेला नियम आहे तो या हिशोबाचाच संक्षेप आहे. अंशात दोन घात, छेदात तीन, छेद जास्त फुगतो, Q खाली येतो.

"सरकला" म्हणजे किती, हेही काढून बघू. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण नुसता बाण काढून सोडून दिलं की मनात भलतंच चित्र राहतं. नवी टेबल मांडायची, आणि नव्या टेबलची पहिली ओळ म्हणजे जुन्या टेबलची शेवटची ओळ, त्यावर आपण केलेला बदल घडवून:

| | SO₂ | O₂ | SO₃ |
|---|---|---|---|
| सुरुवात | ०.२० | ०.३० | ०.६० |
| बदल | −२x | −x | +२x |
| समतोल | ०.२० − २x | ०.३० − x | ०.६० + २x |

(०.६० + २x)² ÷ [(०.२० − २x)² × (०.३० − x)] = ६०

हे घन समीकरण आहे. कागदावर सूत्राने सोडवायला जाऊ नका. x शून्य आणि ०.१० च्या मध्येच असणार, कारण ०.१० ला SO₂ संपतो. किमती घालून बघायच्या. x = ०.०२ घातलं तर डावी बाजू ५७.१ येते, थोडी कमी. x = ०.०२१ ला ५९.२. x = ०.०२१४ ला ६०.०. झालं. तीन पायऱ्यांत उत्तर मिळतं, कारण x वाढवला की डावी बाजू वाढतच जाते, मागे-पुढे होत नाही.

"x लहान आहे म्हणून सोडून द्या" ही युक्ती इथे वापरू नका. वजा झालेले २x म्हणजे ०.०४३, आणि ते ज्यातून वजा झाले ते ०.२०. पाचवा हिस्साच गेला. ती युक्ती पाच टक्क्यांच्या आत चालते. K फार लहान असताना आणि सुरुवात अभिक्रियाकारकांपासून असताना ती सहसा जमते. इथे तर x सोडून दिला तर डाव्या बाजूला ३० आणि उजव्या बाजूला ६० अशी उघड विसंगतीच उरते.

नव्या समतोलाला SO₂ ०.१५७, O₂ ०.२७९, SO₃ ०.६४३ मोल/लिटर. आता जरा थांबून SO₂ कडे बघा. समतोल पुढे सरकला, SO₂ खर्ची पडला, तरी त्याची संहती आधीच्या समतोलात ०.१० होती, आता ०.१५७ आहे. वाढलीच! दाबल्यामुळे ती ०.२० वर गेली होती, अभिक्रियेने तिला थोडं खाली आणलं, मूळ जागी नाही. मोलांमध्ये पाहिलं तर ०.२० चे ०.१५७ झाले, म्हणजे घट. "समतोल पुढे सरकल्यावर SO₂ ची संहती वाढेल की कमी होईल?" अशा बहुपर्यायी प्रश्नात भले भले इथे फसतात. बदल केल्यानंतरच्या क्षणाशी तुलना आहे की बदल करण्यापूर्वीच्या समतोलाशी, आणि संहती विचारलीय की मोल, हे नीट वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये.

हीच पद्धत बाकीच्या बदलांना लावली की प्रत्येकासाठी वेगळा नियम लक्षात ठेवावा लागत नाही. मूळच्या २ लिटरच्या भांड्यात, समतोलाला, आणखी ०.२० मोल ऑक्सिजन सोडला असं धरा. O₂ ०.१५ वरून ०.२५ वर गेला, बाकी दोघे तिथेच. Q = ०.०९ ÷ (०.०१ × ०.२५) = ३६. पुन्हा ६० पेक्षा कमी, पुन्हा पुढे.

आरगॉनसारखा निष्क्रिय वायू सोडला तर? इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि प्रश्नात ती परिस्थिती शोधावी लागते. भांडं ताठ असेल, घनफळ बदलत नसेल, तर एकूण दाब वाढतो पण SO₂, O₂, SO₃ यांच्या संहती जागच्या जागी राहतात. Q ६० च, काहीही सरकत नाही. "दाब वाढला म्हणून पुढे" असं लिहिणारे इथे गुण घालवतात. पण भांड्याला सरकता दट्ट्या असेल आणि दाब कायम ठेवला असेल, तर आरगॉनला जागा करून द्यायला भांडं फुगतं. समजा ते ४ लिटर झालं. संहती निम्म्या: ०.०५, ०.०७५, ०.१५. Q = ०.०२२५ ÷ (०.००२५ × ०.०७५) = १२०. K च्या दुप्पट, म्हणून समतोल मागे येतो. वायू तोच, भांड्याच्या झाकणावरून उत्तर बदललं.

तापमानाचं प्रकरण मात्र खरोखर वेगळं आहे. आतापर्यंतच्या प्रत्येक बदलात Q हलत होता आणि K जागेवर होता. तापमान बदललं की उलट होतं. ताठ भांडं तापवलं तर त्या क्षणी संहती बदलत नाहीत, Q ६० च राहतो, हलतो तो K. कुठल्या दिशेला, हे आइस टेबल सांगू शकत नाही. त्यासाठी अभिक्रियेची उष्णता माहीत असावी लागते. ही अभिक्रिया उष्मादायी आहे, २ मोल SO₂ मागे सुमारे १९८ किलोज्यूल बाहेर पडतात, म्हणून तापमान वाढवलं की K कमी होतो. १००० केल्विनला या अभिक्रियेचा Kc २८० च्या आसपास असतो. त्यावरून पुस्तकातलं ६० चं भांडं १००० केल्विनपेक्षा जास्त तापलेलं असणार हेही कळतं. आणखी तापवल्यावर K समजा ३५ झाला, तर Q ६० आणि K ३५, म्हणून समतोल मागे. तापवल्याने दाबही वाढतो हे खरं, पण इथे त्या दाबवाढीने संहती बदललेल्या नाहीत, म्हणून तिचा हिशोब वेगळा धरायचा नाही.

उत्प्रेरक Q ला हात लावत नाही आणि K लाही नाही. समतोल लवकर येतो, एवढंच.

ल शातेलिए यांनी आपलं तत्त्व १८८४ साली मांडलं. त्याच्या वीस वर्षं आधी, १८६४ साली, गुल्डबर्ग आणि वागे यांनी वस्तुमान क्रियेचा नियम मांडला होता, आणि K व Q चं सूत्र त्या वाटेने आलेलं आहे. ल शातेलिए टाकून द्या असं मी म्हणत नाही. झटकन दिशा सांगायला ते उत्तम आहे. पण दोघांचं जमत नसेल तेव्हा Q वर विश्वास ठेवा. अमोनियाचं उदाहरण घ्या: N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃. दाब कायम ठेवून, म्हणजे भांडं फुगू देऊन, नायट्रोजन घातला तर तत्त्व म्हणतं पुढे. मिश्रणात आधीच निम्म्यापेक्षा जास्त मोल नायट्रोजनचे असतील, तर आणखी थोडा नायट्रोजन घातल्यावर समतोल मागे येतो! कारण भांडं फुगल्यामुळे हायड्रोजनही विरळ होतो, आणि त्याची संहती छेदात तिसऱ्या घाताने आहे. नायट्रोजन वाढल्याचा फायदा पहिल्या घाताचा, फुगण्याचा तोटा त्याहून मोठा. हे परीक्षेत क्वचितच येतं, पण "जे वाढवलं ते कमी करायच्या दिशेने" हे वाक्य कुठवर ताणायचं ते यावरून कळतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना दिशेआधी "दाबल्यानंतर Q = ३०, Kc = ६०, Q < Kc" ही एक ओळ लिहा. नुसतं "पुढे" लिहिलं तर अंदाज केला की हिशोब, ते तपासणाऱ्याला कळत नाही.

ही अभिक्रिया सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यात रोज चालते, म्हणून वरचे आकडे तिथे नेऊन पाहता येतात. २ लिटरच्या भांड्यात ०.४० पैकी ०.३० SO₂ रूपांतरित झाला, म्हणजे ७५ टक्के. घनफळ निम्मं केल्यावर ०.८० मोलांपैकी ०.१५७ उरले, म्हणजे रूपांतर सुमारे ८० टक्के. एवढी दाबादाबी करून पाच टक्के! कारखान्यातही दाब वातावरणाच्या एक-दोन पटच ठेवतात. K मोठा हवा म्हणून तापमान कमी ठेवायचं, तर वेग पडतो. व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचा उत्प्रेरक साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या खाली नीट कामच करत नाही. म्हणून वायू ४०० ते ४५० अंशांना उत्प्रेरकाच्या थरात सोडतात. पण अभिक्रिया उष्मादायी, त्यामुळे पहिल्या थरातून बाहेर पडेपर्यंत वायू सुमारे ६०० अंशांपर्यंत तापतो, K घसरतो आणि रूपांतर तिथेच अडतं. मग तो थंड करून पुढच्या थरात, पुन्हा थंड करून त्याच्या पुढच्या, असं चालतं.

तरीही शेवटचे काही टक्के राहतातच. त्यासाठी दोन थरांच्या मध्ये तयार झालेला SO₃ तीव्र सल्फ्युरिक आम्लात शोषून काढून घेतात आणि उरलेला वायू पुन्हा तापवून शेवटच्या थरात पाठवतात. आपल्या भांड्यात तेच करून बघा: समतोलाला असलेला सगळा SO₃ काढून टाकला. SO₂ ०.१०, O₂ ०.१५, SO₃ ०, म्हणजे Q शून्य. या ओळीपासून नवी टेबल मांडून K = ६० ठेवलं की x सुमारे ०.०३६ येतो आणि SO₂ उरतो जेमतेम ०.०२८ मोल/लिटर. मूळच्या ०.४० शी ताडलं तर एकूण रूपांतर ७५ वरून ९३ टक्क्यांवर गेलं. घनफळ निम्मं करून ते ८० पर्यंतच पोचलं होतं.